पलीकडे पाऊस नव्हता, तरी वारा तापला

आमचं हवामान केंद्र डोंगररांगेच्या आडोशाच्या बाजूला, दरीच्या तळाशी आहे, उंची 600 मीटर. रांगेच्या माथ्यावर 2200 मीटरवर आमचं एक स्वयंचलित यंत्र आहे. पलीकडच्या पायथ्याशी, 300 मीटरवर, दुसरं केंद्र. या तिघांचे आकडे रोज पहाटे माझ्यासमोर असतात. त्या दिवशीचे तिन्ही आकडे मला आजही पाठ आहेत : पलीकडे 9 अंश, माथ्यावर 3 अंश, आमच्या दरीत 4 अंश. वारा पलीकडून रांगेवर आडवा येत होता आणि माथ्यावर त्याचा जोर रात्रीपासून वाढत होता.

म्हणजे फॉनची, डोंगर उतरताना तापून कोरडा होणाऱ्या वाऱ्याची, तयारी झालेली होती. मी अंदाजात कमाल तापमान 18 लिहिलं आणि कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा जोडला. वरिष्ठांनी दोन्ही खोडलं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : पलीकडे ढग नाही, पाऊस नाही, मग हवा तापणार कशी? पावसाशिवाय हवा चढताना जितकी गार होते तितकीच उतरताना गरम होते. पलीकडची 9 अंशांची हवा आपल्याकडे येईल ती 300 मीटर वरच येऊन थांबेल, म्हणून 6 अंशांची असेल. त्यांनी कमाल 7 लिहिलं. मी वाद घातला, पण पुरेसा नाही.

त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. ते आपण सगळे शाळेत शिकलो तेच चित्र होतं. दमट हवा डोंगर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी गार होते. ढग धरला की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे पुढे ती किलोमीटरमागे साधारण 5 ते 6 अंशच गार होते. पाणी पावसाच्या रूपाने पलीकडेच पडून जातं. मग उतरताना मात्र ती पूर्ण 10 अंशांच्या दराने तापते आणि निघाली त्यापेक्षा गरम, कोरडी होऊन पोहोचते. हे खरंच घडतं. एक किलो हवेतून एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं तर ती हवा सुमारे अडीच अंशांनी तापते. आल्प्समध्ये पलीकडे मुसळधार पाऊस आणि अलीकडे ऊन असे दिवस असतात, तेव्हा या उष्णतेचा वाटा मोठा असतो.

चूक होती ती हवा कुठून निघाली, या गृहीतकात. पलीकडची 9 अंशांची हवा 300 मीटरवरून 2200 मीटरपर्यंत कोरडीच चढली असती, तर माथ्यावर उणे 9 ते उणे 10 अंश दिसायला हवे होते. वाटेत ढग धरला असता, तरी उणे 4 च्या आसपास. यंत्र सांगत होतं अधिक 3. याचा अर्थ एकच : माथ्यावरची हवा पायथ्यावरून आलेलीच नव्हती. पायथ्याची गार, जड हवा रांगेला अडून तुंबली होती, आणि माथ्यावरून वाहत होती ती तिच्या वरची, मुळातच उबदार हवा. बंधाऱ्यावरून सांडतं ते वरचं पाणी. तळाचं पाणी मागे तसंच राहतं. इथेही तेच होतं.

आता ती माथ्यावरची हवा खाली आणून बघा. 2200 वरून 600 वर म्हणजे 1600 मीटरची उतरण. माथ्यावर दाब सुमारे 780 हेक्टोपास्कल, दरीत सुमारे 945. उतरताना भोवतालचा दाब हवेला दाबत जातो आणि त्या दाबण्याचं काम तिच्या उष्णतेत जमा होतं. बाहेरून उष्णतेचा एक कणही लागत नाही. 3 अधिक 16, म्हणजे 19 अंश. वाफ मात्र तेवढीच राहते. माथ्यावर सापेक्ष आर्द्रता 55 टक्के होती. तीच वाफ 19 अंशांच्या हवेत मोजली की 23 टक्के भरते. पाऊस न पडता हवा कोरडी होते ती अशी : पाणी कुठे जात नाही, पण गरम हवेची वाफ सामावण्याची ताकद कितीतरी वाढते. ही उष्णता सहाराच्या वाळवंटातून येते असं आल्प्सच्या परिसरात एकेकाळी मानलं जायचं. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ यूलियस हान यांनी 1866 मध्ये दाखवून दिलं की ती उतरणीतच तयार होते.

उरतो प्रश्न वेळेचा, आणि तिथे आम्ही सगळेच चाचपडतो. दरीत रात्रीची गार हवा साचलेली असते. गरम वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो आणि तळाशी पानही हलत नाही. तो तिला वरून खरवडत नेतो, किंवा ती दरीच्या तोंडाकडे वाहून जाते. तेव्हाच तो जमिनीला टेकतो. कधी टेकेल हे सांगणं अवघड, पण टेकला की नाही हे ओळखणं सोपं आहे. माथ्याचं तापमान उंचीच्या हिशेबाने खाली आणायचं आणि दरीच्या तापमानाशी ताडायचं. पहाटे त्यात 15 अंशांचं अंतर होतं. ते अंश-दोन अंशांवर आलं की समजायचं, दरीत माथ्याचीच हवा आहे.

10 वाजून 50 मिनिटांनी पडद्यावरची रेघ सरळ उभी राहिली. पाच मिनिटांत 6 वरून 16 अंश, मग 18. आर्द्रता 80 वरून 24 टक्के. वारा दरीच्या तोंडाकडून येत होता, तो रांगेकडून येऊ लागला. वनखात्याच्या माणसांनी आमच्या सकाळच्या अंदाजावर विसंबून उतारावर छाटलेल्या फांद्यांचे ढीग पेटवले होते. त्यांनी लगेच ते विझवले.

सव्वाअकराच्या पुढे वारा अचानक पडला. 11 वाजून 25 मिनिटांनी दरीत पुन्हा 8 अंश, आर्द्रता 70. वनखात्याच्या माणसांचा फोन आला : "वारा गेला का?" वरिष्ठांनी उचलला आणि आमच्या केंद्राचे आकडे वाचून सांगितलं, गेला. त्यांनी दोन ढीग पुन्हा पेटवले. 11 वाजून 50 मिनिटांनी वारा परत टेकला, ठिणग्या वाळल्या गवतात गेल्या आणि आग उतार चढत गेली. संध्याकाळपर्यंत ती आटोक्यात आली. कुणाला इजा झाली नाही, पण कोवळ्या रोपांची एक संपूर्ण लागवड गेली.

फॉनमध्ये अशी उघडीप नेहमीची असते. साचलेली गार हवा पाण्यासारखी हेलकावते आणि केंद्रावर परत येऊन बसते, एवढंच. त्या दिवसाचा आलेख मी छापून ठेवला आहे. दरीच्या रेघेवर त्या पंचवीस मिनिटांचा खोल दात आहे. त्याच्या वर माथ्याची रेघ आहे : 11:25 ला 3 अंश, 11:50 ला 3 अंश, आणि वाऱ्याचा जोर दोन्ही वेळा तसाच. फोन चालू असताना ती रेघ माझ्या समोरच्या पडद्यावर होती.