नंतर या

बेल वाजते. दार उघडावं तर माणूस उंबऱ्यापासून दोन पावलं मागे सरकून उभा. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. ते मागे सरकणं त्यांना शिकवलेलं असतं. दार उघडणाऱ्याला दडपण येऊ नये म्हणून.

मी अशांना वर्षानुवर्षं "नंतर या हं" म्हणून वाटेला लावायचे. हसून, दार हळूच लोटून. आपण किती सभ्य, असंही वाटायचं.

मग एक सर्वेक्षणवाली तिसऱ्यांदा दारात आली. "अहो, पुन्हा तुम्ही?" मी म्हटलं. तर ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, नंतर या." तिच्या कागदावर माझ्या घरापुढे दोन तारखा होत्या, वेळेसकट. 'नकार'चा रकाना वेगळा आणि 'पुन्हा भेट'चा वेगळा. माझं गोड बोलणं दोन्ही वेळा दुसऱ्यात जाऊन पडलं होतं.

"मग शेजारी विचारा की," मी सुचवलं. तेही चालत नाही म्हणे. घरं आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली असतात. जो सापडेल त्यालाच विचारत गेलं, तर दिवसभर कामाला बाहेर असणारे निकालातून गळतात आणि घरी असणाऱ्यांचंच मत सगळ्यांचं म्हणून छापून येतं. शिवाय घरातही कुणालाही विचारून भागत नाही. "ज्यांचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार आहे, ते हवेत," ती म्हणाली. म्हणजे माझा दीर. मी दोन वेळा तिला परत पाठवलं होतं, आणि तिला मी नकोच होते!

प्रचाराला येणाऱ्यांचंही तेच. "बघू" म्हटलं की आपण कुंपणावरचे ठरतो, आणि कुंपणावरच्यांकडे आणखी एक फेरी होते.

आता मी पहिलं वाक्य पूर्ण ऐकते, कोणाकडून आलात ते विचारते, ओळखपत्रावर नजर टाकते. नको असेल तर तिथेच सांगते, "मला भाग घ्यायचा नाही, नकार लिहून घ्या." कारण देत नाही. "वेळ नाही" म्हटलं की "दोनच मिनिटं" येतंच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. फट आपणच ठेवलेली असते. वर्गणी मागणाऱ्याला सांगते, "दारात पैसे देत नाही, संस्थेचं नाव द्या, पटलं तर थेट पाठवीन." खरा असेल तो कागद देतो. "आजच द्या, आत्ताच द्या" म्हणणाऱ्यासमोर मात्र माझं हसू आपोआप आटतं.

परवा एका मुलाला असंच पहिल्याच मिनिटात नाही म्हटलं. त्याने खूण केली, पेन कानामागे खोचलं आणि म्हणाला, "बरं झालं मावशी, लगेच सांगितलंत." मी दार लावेपर्यंत त्याने पुढची बेल दाबलीही होती, आणि तो दोन पावलं मागे सरकला होता.