पातळ सी-सेक्शनचा खांब: वेबमधलं अर्धं पोलाद हिशेबातून जातं तेव्हा

एका कारखान्यात ऑफिससाठी पोटमाळा करायचा होता, तोही हलक्या पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यातला एक खांब माझ्याकडे आला. लिप असलेला सी-सेक्शन, वेब २०० मिमी, फ्लँज ६०, लिप २०, जाडी २ मिमी, यील्ड ३५० एमपीए. उंची ३ मीटर, मध्यावर दोन्ही बाजूंनी ब्रिजिंग, म्हणजे कमकुवत अक्षाभोवती वाकायला आणि पिळायला मोकळी लांबी दीड मीटर. भार ६० किलोन्यूटन. हॉट-रोल्ड आयएसएमसीवर माझा हात बसलेला होता. पत्र्याचा सेक्शन पूर्ण दाबात मी पहिल्यांदाच हाताने सोडवला. पत्र्याच्या सेक्शनसाठीचा आपला आयएस ८०१ हा १९७५ सालचा, परवानगी-ताणाच्या पद्धतीचा. क्लायंटने अमेरिकेचा एआयएसआय एस१०० मागितला होता, म्हणून त्याच वाटेने गेलो.

पहिली पायरी ओळखीची होती. सी-सेक्शनचा शिअर सेंटर वेबच्या मागे, बाहेर असतो. त्यामुळे असा खांब नुसता वाकत नाही, वाकता वाकता पिळवटतोही. तो हिशेब केल्यावर संपूर्ण खांबाचा इलॅस्टिक ताण ४०० एमपीएच्या आसपास आला आणि कॉलम कर्व्हमधून २४३ एमपीए मिळाले. एकूण क्षेत्रफळ ६९० चौ. मिमी. दोन्हींचा गुणाकार १६८ किलोन्यूटन, त्याला १.८ या सुरक्षा गुणकाने भागलं की ९३. भार ६० असल्याने काम इथेच संपलं असं वाटू शकतं. जाड सेक्शनमध्ये ते खरोखरच संपतं.

पत्र्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक चपटा भाग स्वतंत्रपणे तपासावा लागतो. कोपऱ्यांची गोलाई वजा केल्यावर वेबचा सपाट भाग १९० मिमी उरतो, म्हणजे जाडीच्या ९५ पट. दोन्ही कडांना आधार असलेल्या अशा पट्टीचा बकलिंग गुणांक ४ धरतात. त्यावरून लोकल बकलिंगचा ताण निघाला ८१ एमपीए. खांब पूर्ण उंचीवर वाकण्याच्या कितीतरी आधी वेबवर लाटा उठणार, साधारण वेबच्या रुंदीएवढ्या अंतरावर एक फुगवटा आत, पुढचा बाहेर.

पण लाटा उठल्या म्हणून खांब पडत नाही, आणि या विषयाचा गाभा इथेच आहे. वेबचा मधला पट्टा बाहेर झुकला की तो जास्तीचा दाब घेणं जवळपास थांबवतो. कोपऱ्यांजवळच्या पट्ट्यांना फ्लँजने जागेवर धरलेलं असतं, ते झुकू शकत नाहीत. पुढचा सगळा भार त्यांच्याकडे सरकतो आणि तिथला ताण यील्डकडे चढत राहतो. वेबच्या रुंदीवर ताणाचा आलेख काढला तर मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच असा दिसतो. १९३२ साली फॉन कारमान यांनी या वाकड्या आलेखाऐवजी कडेच्या दोन पट्ट्यांवर सारखा ताण धरायचा आणि मधला भाग सोडून द्यायचा, अशी सोय मांडली. खऱ्या पत्र्यात सुरुवातीपासूनचा बाक असतो, घडणीतून उरलेले ताण असतात. ते धरून कॉर्नेलमध्ये जॉर्ज विंटर यांनी चाचण्यांवरून सूत्र सुधारलं. आज वापरतात ते रूप असं:

```
λ = sqrt(f / fcr)
ρ = (1 - 0.22/λ) / λ     (λ > 0.673)
b = ρ·w
```

f म्हणजे कडेवरचा ताण, fcr लोकल बकलिंगचा ताण, w सपाट रुंदी आणि b त्यातली हिशेबात धरायची प्रभावी रुंदी. λ जर ०.६७३ किंवा त्याहून कमी असेल तर पूर्ण रुंदी धरायची.

इथे f कुठला घ्यायचा, यावर मी बराच अडलो. यील्डचे ३५०, की खांबाचे २४३? खांब जर २४३ लाच संपूर्णपणे वाकणार असेल, तर वेबच्या कडांवर ३५० येण्याची वेळच येत नाही. म्हणून २४३. खांब जितका लांब आणि सडपातळ, तितका हा ताण कमी आणि वेबची प्रभावी रुंदी जास्त. अगदी आखूड तुकड्यात ताण यील्डपर्यंत जातो, म्हणून सर्वांत जास्त कपात तिथे होते. हे पटलं आणि मग सगळी पद्धत सरळ दिसायला लागली.

आकडे घातले तर λ आला १.७३, ρ ०.५०५, प्रभावी रुंदी ९६ मिमी. प्रत्येक कोपऱ्याजवळ ४८ मिमीची पट्टी उरली, मधले ९४ मिमी गेले. फ्लँजचा सपाट भाग ५० मिमी, म्हणजे जाडीच्या फक्त २५ पट. पण त्याची बाहेरची कड लिपने पुरेशी धरली आहे का, हे आधी पाहावं लागतं. लागणारा जडत्व-आघूर्ण २६८ मिमी⁴ आणि लिपचा भरला ५६२. लिप पुरेशी, फ्लँज पूर्ण प्रभावी, लिप स्वतःही पूर्ण. तोटा फक्त वेबचा. प्रभावी क्षेत्रफळ ५०२ चौ. मिमी, क्षमता १२२ किलोन्यूटन, परवानगी भार ६८. ९३ वरून ६८ वर आलो, तरी ६० पेक्षा जास्तच.

कागद आमच्या ज्येष्ठ मॅडमकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "भार कुठून जातोय?"

सी-सेक्शनचा मध्य वेबच्या मध्यरेषेपासून साधारण १६ मिमीवर असतो आणि भार आपण तिथेच लावतो. वेबचा मधला भाग हिशेबातून गेला की उरलेल्या सेक्शनचा मध्य लिपच्या बाजूला सरकतो, माझ्या खांबात सुमारे ६ मिमी. भार मात्र जुन्याच जागी. ६० किलोन्यूटन गुणिले ६ मिमी, म्हणजे ०.३६ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, आणि तोही कमकुवत अक्षाभोवती. टोकं पक्की जखडलेली असतील तर आतला प्रतिकारही मध्याबरोबर सरकतो आणि हा मोमेंट सोडून देता येतो. माझी बेस प्लेट छोटी होती, दोन बोल्टची. तिला जखडलेली म्हणणं मला पटेना. दाब आणि मोमेंट यांची आपापल्या क्षमतेशी गुणोत्तरं एकत्र घेतल्यावर बेरीज १ च्या वर गेली, म्हणजे खांब अपुरा.

यील्ड वाढवण्याचा मोह अशा वेळी होतो. पण ताण वाढला की λ वाढतो आणि प्रभावी रुंदी आणखी घटते. याच सेक्शनचा आखूड तुकडा २५० च्या पोलादात १२५ किलोन्यूटन घेतो आणि ३५० च्या पोलादात १६१. पोलाद ४० टक्के बळकट, क्षमता २९ टक्केच जास्त. जाडीचं उलट आहे, कारण लोकल बकलिंगचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. २.५ मिमीच्या पत्र्यात तो ८१ वरून १२८ वर गेला. पोलाद २४ टक्क्यांनी वाढलं, क्षमता मात्र एक तृतीयांशाने, आणि मध्याचं सरकणंही ४ मिमीच्या आसपास आलं. बेरीज ०.८ च्या खाली बसली. वेबच्या मधोमध खाच घातलेला सेक्शन मिळाला असता तर त्याहून कमी पोलादात भागलं असतं, पण खाच स्वतः ती रेषा धरून ठेवण्याइतकी ताठ आहे हे वेगळं दाखवावं लागतं, आणि आमच्या पुरवठादाराकडे तसे रोल नव्हते.

इथे जाडी म्हणजे जस्ताच्या थराखालच्या पोलादाची. झेड २७५ चा लेप दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिमी भरतो, तो मायक्रोमीटरवरच्या आकड्यातून वजा करायचा. माल उतरल्यावर मी तो केला.

प्रभावी रुंदीत न येणारी एक गोष्ट शेवटी तपासली. फ्लँज आणि लिप मिळून कोपऱ्याभोवती फिरतात, ते डिस्टॉर्शनल बकलिंग. तिथे फ्लँज आणि लिप यांमधली कडच हलते, त्यामुळे वरचं सूत्र तिथे लागू पडत नाही. एआयएसआयने २००७ पासून त्याची वेगळी तपासणी घातली आहे. बेन शेफर यांचा CUFSM हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्यात सेक्शन भरला की लाटेची लांबी आणि ताण यांचा आलेख येतो. पहिला खळगा लोकल बकलिंगचा, वेबच्या रुंदीपेक्षा कमी लांबीवर, आणि त्याचा ताण हाताच्या हिशेबापेक्षा थोडा जास्त, कारण प्रोग्रॅम फ्लँजने वेबला दिलेला आधारही मोजतो. त्याच्या उजवीकडे, जास्त लांबीवर, डिस्टॉर्शनलचा. या खांबात त्यावरून निघालेली क्षमता भाराला पुरली आणि २.५ मिमीवर सही झाली.