तुम्ही विचारलंत म्हणून: 38 हजार फॉलोअर्स आणि एक यादी

*ताई, तुमचे एवढे फॉलोअर्स आहेत, मग सारखं ‘ईमेल द्या, नंबर सेव्ह करा’ कशासाठी? आणि आम्हालाही असं करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?*

दोन वर्षांपूर्वी ऐन मृगाच्या तोंडावर माझं परसबागेचं पान 11 दिवस बंद पडलं. नियमभंग झाल्याची एका ओळीची सूचना आली, नेमका कुठला नियम ते शेवटपर्यंत कळलं नाही. अपील केलं आणि पान परतही मिळालं. पण दोडक्या-काकडीचं बी टोकायचे दिवस तेच होते. पाऊस लांबल्यामुळे ‘इतक्यात टोकू नका’ एवढंच मला सांगायचं होतं, आणि 38 हजारांपैकी एकालाही ते सांगता आलं नाही.

पान सुरू झालं त्याच रात्री मी माझ्या खात्याच्या माहितीची प्रत डाउनलोड केली. फॉलोअर्सच्या फाइलमध्ये नुसती युजरनेम होती. ना कुणाचा ईमेल, ना फोन नंबर. त्या अ‍ॅपबाहेर ती फाइल मला काहीच कामाची नव्हती. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅप्स बंद केली, तेव्हा तिथल्या आपल्या कलाकारांचंही हेच झालं होतं. नियम त्यांनी मोडला नव्हता, तरी प्रेक्षक गेले. तेव्हापासून कुठलीही नवी सोय दिसली की मी एकच बघते: उद्या इथून निघावं लागलं, तर माणसांची नावं मला सोबत नेता येतील का?

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल इथेच अडतं. चॅनेल काढणं सोपं आहे, लोकही पटकन येतात, पण सगळ्या फॉलोअर्सचे नंबर चालवणाऱ्याला मिळत नाहीत आणि यादी बाहेर काढता येत नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, त्याचा नंबर झाकलेला राहतो. पण माझा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही मेटाचीच, तेव्हा एकावरून दुसऱ्यावर गेलं तरी मालक तोच राहतो.

म्हणून माझी मूळ यादी ईमेलची आहे. ती एका साध्या सीएसव्ही, म्हणजे तक्त्यासारख्या, फाइलमध्ये उतरते आणि ईमेल पाठवणारी सेवा बदलली तरी तीच फाइल नव्या सेवेत चढवता येते.

पहिली चूक मी लगेच केली. रोजच्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत टाकून पत्र पाठवलं. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला साधारण 500 जणांनाच पाठवता येतं, आणि गेलेल्यांपैकीही बरीच पत्रं स्पॅममध्ये पडली. माझ्या बहिणीने ‘तुझं पत्र आलंच नाही’ म्हटलं तेव्हा ते समजलं. मग वर्षाला हजारेक रुपये देऊन स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घेतलं आणि यादीला पत्रं पाठवणारी सेवा त्याला जोडली. या सेवेतून पाठवतानाही पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा ठेवून चालत नाही. पत्र जीमेलच्या नावाने, पण आलं दुसऱ्याच सर्व्हरवरून, असं दिसतं आणि ते संशयास्पद ठरतं.

डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवायचं ते. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची सही. या दोन्हींचा मजकूर सेवाच देते, आपण तो जसाच्या तसा चिकटवायचा. तिसरी डीमार्क, म्हणजे ही तपासणी फसली तर पत्राचं काय करायचं ते. `_dmarc` या नावाने तिची सुरुवात एवढ्याने होते:

```
v=DMARC1; p=none
```

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. आपली यादी लहान असली तरी पहिल्या दिवशीच करून टाका. नीट झालं का ते कळायला स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवा, कॉम्प्युटरवर ते उघडून तीन ठिपक्यांतलं Show original दाबा. तिन्ही नावांपुढे PASS दिसायला हवं.

आता लोक कसे आले ते सांगते. ‘माझ्या यादीत सामील व्हा’ असं मी महिनाभर लिहिलं, जेमतेम 60 जण आले. मग दर महिन्याच्या 25 तारखेला पुढच्या महिन्याचं एका पानाचं लावणी-वेळापत्रक ईमेलने द्यायला लागले: कुंडीत काय, वाफ्यात काय, कोकणात कधी, देशावर कधी. वेळापत्रकाचा अर्धाच भाग पानावर टाकायचा आणि पूर्ण यादीवर, एवढाच बदल केला. वर्षभरात 2,100 पत्ते जमले. 38 हजारांपुढे हा आकडा लहान आहे, पण बी मागवणारे आणि प्रश्न विचारणारे बहुतेक याच यादीतले निघाले.

पत्ता दिल्यावर ‘होय, मीच’ असं दाबायचं एक पत्र जातं. ती पायरी वगळू नका. gmial असे चुकलेले पत्ते तिथेच गळतात, आणि दुसऱ्याच कुणी परस्पर आपला पत्ता भरला अशी तक्रारही येत नाही.

पण आमच्या सातारा-कराडकडच्या कितीतरी बायका ईमेल उघडतच नाहीत, त्यांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांच्यासाठी मी वेगळं सिम घेतलं आणि पानावर ही लिंक ठेवली. X च्या जागी आपला नंबर टाकायचा, आधी 91, पण अधिकचं चिन्ह नाही.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=YADI
```

लिंक दाबली की YADI लिहिलेला मेसेज तयार असतो, त्यांनी फक्त पाठवायचा. मी उत्तरात विचारते, ‘महिन्यातून दोनदा बागेचे मेसेज पाठवू का? हवे असतील तर हा नंबर सेव्ह करा.’ होकार आला की नाव, गाव आणि तारीख वहीत लिहून घेते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीवर भर आहे, आणि ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती असते. बागेसाठी दिलेला नंबर मी पापडाच्या जाहिरातीला वापरू शकत नाही.

मेसेज ब्रॉडकास्ट लिस्टने जातात. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. लोक इथेच फसतात. आपल्याला वाटतं सगळ्यांना गेला, प्रत्यक्षात निम्म्यांना मिळालेलाच नसतो. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून त्याची माहिती उघडली की कुणाला पोचला ते दिसतं. तीन-चार वेळा जे नाव तिथे येत नाही, त्यांना मी एकदा फोन करते. बहुतेक वेळा नंबर सेव्ह करायचा राहिलेला असतो.

त्याआधी मी एक ग्रुप केला होता. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तिसऱ्याच आठवड्यात एका ताईंना अनोळखी माणसाचे रात्री मेसेज येऊ लागले. त्याने नंबर माझ्या ग्रुपमधूनच घेतला होता. मी त्यांची माफी मागितली आणि ग्रुप त्याच दिवशी बंद केला. तुम्ही ग्रुपचा विचार करत असाल, तर कृपया करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपचा नंबरही बंद होऊ शकतो, विशेषतः पुष्कळ लोकांनी मेसेजची तक्रार केली तर. म्हणून तिथे आलेल्या प्रत्येकीला मी सवडीने ईमेलही विचारते, स्वतःचा नसेल तर मुलाचा किंवा सुनेचा. दर महिन्याच्या 1 तारखेला दोन्ही याद्या सीएसव्हीत उतरवून एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते, आणि ज्यांनी ‘नको’ कळवलं त्यांची नावं त्याच बैठकीत सगळ्या प्रतींतून काढते. नाही तर जुनी प्रत चढवताना ती परत आत येतात. माझ्याकडून एकदा तसं झालं आणि पुण्याच्या एका आजोबांना तीन महिन्यांनी पुन्हा मेथीचं वेळापत्रक गेलं. तेव्हापासून नकार दिलेल्यांची एक वेगळी यादी ठेवते आणि पाठवण्याआधी तिच्याशी ताडून बघते.