नवीन जॉइनीला पाठवलेला पहिला मेसेज, आणि मग दुसरा

आमच्या ऑफिसात, खराडीला, नवीन माणूस जॉइन व्हायच्या आधी त्याला एक बडी देतात, म्हणजे मॅनेजर नाही, एचआर नाही, तर त्याच टीममधला एक जण, ज्याला पहिले काही आठवडे काहीही विचारलं तरी चालतं. बडीने वेलकम मेसेज पाठवायचा असतो. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा बडी झालो तेव्हा तो मेसेज मी ऑफिसच्या मेलवर पाठवला होता, चांगला लांबलचक, कुठल्या गेटने यायचं ते सगळं नीट लिहून. आता ऑफिसचा मेल उघडायला लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉप मिळतो पोचल्यावर. तो मुलगा पावसात चुकीच्या गेटला पाऊण तास उभा होता आणि माझा मेसेज त्याने दुपारी दीडला वाचला. ते मला फार लागलं. म्हणून यावेळी ठरवलं की मेसेज आधीच गेला पाहिजे, थेट फोनवर.

यावेळच्या जॉइनी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, मूळच्या नाशिकच्या, मधे सहा वर्षांची गॅप घेऊन परत नोकरीत येणाऱ्या. एचआरने त्यांना विचारून मला नंबर दिला. शुक्रवारी दुपारी चारला मी व्हॉट्सॲपवर हे पाठवलं, जसंच्या तसं देतोय:

"हाय!! वेलकम टू द फॅमिली 🎉🎉 मी तुझा बडी! सोमवारी भेटूच. गेटपास लवकर निघावा म्हणून आधार आणि पॅनचा फोटो मला पाठवून ठेव, आणि खालच्या लिंकवरचा फॉर्म भरून टाक. कुठे राहतेस? सोडायला-आणायला काही लागलं तर बिनधास्त सांग!"

उत्तर आलं नाही. दोन निळ्या टिका दिसत होत्या. साडेपाचला एचआरचा फोन, की अरे तुझ्या नंबरवरून त्यांना काही गेलंय का, त्यांनी स्क्रीनशॉट मेल करून विचारलंय की हा माणूस खरंच आपल्याकडचा आहे का.

मी पहिल्यांदा जरा दुखावलो, खरं सांगतो, कारण मनात चांगलंच होतं. मग तो स्क्रीनशॉट मी त्यांच्या जागेवर बसून वाचला. अनोळखी नंबर, डीपीला गाडीचा फोटो, मेसेजमधे माझं नावच नाही. टीमचं नाव नाही. एचआरमधल्या कोणाचा उल्लेख नाही. आधार-पॅन मागतोय, लिंक देतोय, घाई करतोय. शिवाय एका बाईला न भेटलेला पुरुष एकेरीत बोलतोय आणि कुठे राहतेस विचारतोय. नोकरीच्या नावाखाली फसवणारे असेच मेसेज पाठवतात, पुण्यात असं फसलेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. त्यांनी जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, मेसेजला उत्तर न देता ज्या एचआरशी आधीपासून मेलवर बोलणं चालू होतं तिथेच विचारलं.

आणि अजून एक, कागदपत्रं गोळा करणं हे बडीचं कामच नाही. कोणाच्या आधारचा फोटो माझ्या फोनच्या गॅलरीत पडून राहावा याला काही कारण नाही. ते एचआरच्या पोर्टलवर जातात, आणि जिथे नुसतं ओळखपत्र दाखवण्यापुरतं लागतं तिथे मास्क्ड आधार चालतो का ते विचारावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मग बसलो परत लिहायला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो तू की तुम्ही यात. आमच्याकडे सगळे नावाने हाक मारतात, डायरेक्टरला पण, आणि टीममधे सर्रास अरे-तुरे चालतं. पण ते रोज शेजारी बसून झालेलं असतं. न भेटलेल्या माणसाला तू म्हणणं म्हणजे त्याच्या वतीने आपणच ठरवून टाकणं. ताई लिहावं तर नातं लादल्यासारखं, मॅडम लिहावं तर सोमवारी इथे आल्यावर त्यांना एकट्यालाच मॅडम म्हणतायत असं वाटायचं. शेवटी नमस्कार, पुढे नुसतं नाव, आणि क्रियापदं सगळी तुम्हीची. हे मला अजूनही बरोबर वाटतं. तुम्हीवरून तू वर यायला एक चहा पुरतो, उलटं जाता येत नाही.

दुसरी गोष्ट, कुठे राहता हे विचारायचंच नाही. त्याऐवजी मेट्रोने आलात तर कुठे उतरायचं हे सांगायचं, बाकीचं त्यांचं त्या जोडून घेतील. दुसरा मेसेज असा गेला, यावेळी व्हॉट्सॲपवर नाही तर त्यांच्या पर्सनल मेलवर, एचआरने स्वतःच्या मेलमधून ओळख करून दिली आणि मी त्याच धाग्यात उत्तर लिहिलं:

"नमस्कार, दुपारचा मेसेज माझाच होता. तुम्ही एचआरला विचारलंत ते योग्यच केलंत, आणि तशी वेळ आणल्याबद्दल सॉरी. मी तुमच्याच टीममधे चार वर्षं आहे, पहिला महिनाभर तुमचा बडी.

सोमवारी साडेनऊला गेट नंबर तीन. रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगून कळत नाही, टेक पार्कचं नाव आणि गेट तीन असं सांगा. मेट्रोने आलात तर रामवाडी शेवटचं स्टेशन, तिथून रिक्षा. पिंपरीच्या बाजूने येत असाल तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते, पर्पल लाइन खाली जमिनीत आणि ॲक्वा वर पुलावर, त्यामुळे चढून जायला वेळ धरा. सकाळी नगर रोडला गर्दी असते, पहिल्या दिवशी वीस मिनिटं जास्तीची ठेवा.

सोबत एक ओरिजिनल ओळखपत्र, गेटवर दाखवायला. फोन चार्ज करून आणा आणि त्यात थोडी जागा ठेवा, लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर ॲप टाकावं लागतं. आधी नोकरी केली असेल तर पीएफचा जुना यूएएन नंबर शोधून ठेवा, बारा आकडी असतो, जुन्या पगाराच्या स्लिपवर सापडतो. तो मला पाठवू नका, एचआरच्या फॉर्ममधे भरायचा आहे.

पगार, रजा, पीएफ हे एचआरला विचारा. कामाचं काय आधी करायचं हे मॅनेजरला. प्रिंटर कुठे, मीटिंगमधे कोण कोण असतं, अमुक शब्दाचा अर्थ काय, हे मला, कितीही वेळा. याला उत्तर द्यायची गरज नाही, सोमवारी गेटवर मी असेन."

शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं, कारण जॉइन व्हायच्या आदल्या वीकेंडला माणसाला मागची शंभर कामं असतात, त्यात आपल्याला थँक्यू लिहायचं ओझं कशाला.

तरी शनिवारी सकाळी उत्तर आलं, एका ओळीचं. "मिळालं, धन्यवाद. जुना नंबर काढण्याऐवजी नवीनच यूएएन घेतला तर चालेल का?" मी लिहिलं की हे एचआर नक्की सांगेल, पण माझ्या माहितीप्रमाणे एका माणसाला एकच यूएएन असतो आणि नोकरी बदलली तरी तोच पुढे चालतो, तेव्हा नवीन काढायची घाई करू नका. खरं कारण सोमवारी कळलं. जुन्या नोकरीत पीएफच्या रेकॉर्डला त्यांचं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि आधारवर आता सासरचं. नाव जुळत नाही म्हणून त्यांना वाटलं जुनं खातं गेलं. खातं जात नाही. नावातला फरक दुरुस्त करता येतो, त्यासाठी जॉइंट डिक्लेरेशन नावाचा अर्ज असतो, आणि एचआरने त्याच दिवशी ते काम हातात घेतलं. नवीन नंबर काढला असता तर जुने पैसे एकीकडे आणि नवे दुसरीकडे, मग ते जुळवत बसणं आलं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या किती जणींचं हे असंच अडकत असेल, आणि ते कळतं जॉइनिंगचा फॉर्म समोर आल्यावर.

सोमवारी मी सव्वानऊला गेटवर. त्या नऊ पंचवीसला आल्या, हातात छत्री आणि मेसेजची प्रिंट, चक्क प्रिंट काढलेली, पेनने खुणा केलेल्या. म्हणाल्या, "फोन बंद पडला तर असावी म्हणून." लॉगिनला जरा खोळंबा झाला. तात्पुरता पासवर्ड टाकल्यावर स्क्रीनवर क्यूआर कोड येतो तो फोनमधल्या ऑथेंटिकेटरने स्कॅन करायचा, त्यांनी तो नेहमीच्या कॅमेऱ्याने केला आणि काहीच होईना. ॲप उघडून त्यातल्या अधिकच्या चिन्हावरून स्कॅन केलं की लगेच झालं. मी माउसला हात लावला नाही, नुसतं सांगितलं, कारण फोन बदलला की हेच परत करायचं असतं आणि तेव्हा मी शेजारी नसेन.

जेवताना त्यांना एक गोष्ट सांगितली जी मी मेसेजमधे लिहिली नव्हती आणि लिहायला हवी होती. नोकरी लागली की माणूस लिंक्डइनवर टाकतो, आणि मग पहिल्याच काही आठवड्यांत साहेबाचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून मेसेज येतो की मी मीटिंगमधे आहे, फोन करू नकोस, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव. नवीन माणसालाच पकडतात, कारण साहेब कसे बोलतात हे त्याला अजून माहीत नसतं आणि नाही म्हणायची भीती असते. आमच्याकडे कोणीच असं मागत नाही. मागितलं तर उत्तर न देता सिक्युरिटी टीमला स्क्रीनशॉट. त्या म्हणाल्या, "तेच तर केलं मी शुक्रवारी." मी म्हटलं, "हो, आणि तसंच करत राहा, माझ्या नावाने आला तरी."

दहाव्या दिवशी खरंच आला. इंग्रजीत, आमच्या डायरेक्टरच्या फोटोसकट. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, पाच मिनिटांत सगळ्या टीमला सावध करणारा मेल गेला, आणि त्याच महिन्यात जॉइन झालेल्या अजून दोघांनी सांगितलं की आम्हालाही आलाय, पण कोणाला विचारावं कळत नव्हतं.

पुढच्या महिन्यात आणखी एक मुलगा येतोय, छत्रपती संभाजीनगरहून, कॉलेजमधून थेट. बडी त्या आहेत. मेसेजचा मसुदा त्यांनी मला दाखवायला आणला, माझाच घेतलाय, दोन बदल करून. गिफ्ट कार्डवाली ओळ घातलीये. आणि गेट तीनच्या पुढे लिहिलंय, "आत आल्यावर डावीकडची लिफ्ट घ्या, उजवीकडची आपल्या मजल्यावर थांबत नाही." चार वर्षं मी रोज डावीकडच्याच लिफ्टने जातोय, हे सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.