४ जून २०२४ : निफ्टीचे दोन झोन आणि त्यांचा ताजेपणा

लोकसभेच्या निकालाच्या दिवशी सकाळी आमच्या डेस्कवर निफ्टीच्या डेली चार्टवर दोनच महत्त्वाच्या खुणा होत्या. खाली २१,७१० ते २१,८४४ हा डिमांड झोन, म्हणजे खरेदीदार वाट बघत असलेला भावांचा पट्टा होता, तर वर आदल्या दिवशीच्या कॅन्डलमधून २३,२६४ ते २३,३३९ हा सप्लाय झोन, म्हणजे विक्रेत्यांचा पट्टा आकार घेत होता. पुढच्या आठवड्याभरात खालच्या वापरलेल्या झोनच्या वर भाव बंद झाला आणि वरचा कोरा, ताजा झोन मोडला. झोन ताजा असताना, म्हणजे भाव पहिल्यांदाच त्यात परत येतो तेव्हा, सर्वांत भरवशाचा असतो, हे आपण शिकतो आणि शिकवतोही. मग इथे उलट का झालं? मला ही केस अजूनही सर्वांत उपयोगाची वाटते, कारण ताजेपणा नेमका कशाचा मोजायचा याचं उत्तर ती देते.

आधी खालचा झोन कसा काढला ते पाहू. २० मार्च २०२४ ला निफ्टी २१,८४४ च्या आसपास उघडला, २१,७१० पर्यंत खाली गेला आणि २१,८३९ ला बंद झाला. दिवसभराची रेंज सव्वादोनशे पॉइंटच्या जवळ आणि बॉडी, म्हणजे उघडला आणि बंद झाला त्या भावांमधलं अंतर, जेमतेम पाच पॉइंटची. ज्या कॅन्डलची बॉडी रेंजच्या निम्म्याहून कमी, ती आमच्याकडे बेस धरली जाते, आणि ही तर अगदी स्वच्छ बेस होती. आधीचे काही दिवस बाजार घसरत आला होता. त्या रात्री अमेरिकेच्या फेडची बैठक झाली आणि २१ मार्चला निफ्टी जवळपास दीडशे पॉइंटांच्या गॅपने वर उघडला. म्हणजे ड्रॉप-बेस-रॅली : घसरण, थांबा, उसळी. गॅपने झालेलं डिपार्चर, म्हणजे भावाचं झोनमधून सुटणं, मी सर्वांत जोरदार मानतो, कारण मधल्या भावांवर सौदेच झालेले नसतात. ज्यांना घ्यायचं होतं, त्यांना परत फिरून घ्यायची संधी मिळालेली नसते.

आता रेषा. डिमांड झोनची जवळची रेषा, म्हणजे प्रॉक्सिमल, बेसच्या बॉडीच्या माथ्यावर घ्यायची. इथे ती २१,८४४ आली. लांबची रेषा, म्हणजे डिस्टल, विकच्या टोकाला, दिवसाच्या नीचांकावर, २१,७१० ला. रुंदी १३४ पॉइंट. काही जण दोन्ही रेषा विकवर काढतात. मग हाच झोन २१,९३० पर्यंत फुगतो आणि भाव झोनमध्ये न येताच ‘टेस्ट झाला’ अशी नोंद होते. ताजेपणाचे निम्मे वाद रेषा चुकीच्या जागी असल्यामुळे होतात. म्हणून रेषांचा नियम एकदा ठरवायचा आणि भाव परत आल्यावर तो बदलायचा नाही.

२१ मार्चनंतर भाव २२,७०० च्या वर गेला. झोनच्या रुंदीच्या सहा-सात पट. पहिल्या परतीआधी भाव किती लांब गेला हे मी नेहमी बघतो. दुप्पटही न जाता माघारी आला तर तो झोन वहीत चढवतच नाही.

पहिली परत भेट १९ एप्रिलला झाली. इस्राएलने इराणवर हल्ला केल्याची बातमी सकाळी आली, निफ्टी गॅपने खाली उघडला आणि २१,७७८ पर्यंत उतरला. प्रॉक्सिमलपासून ६६ पॉइंट आत, म्हणजे झोनचा जवळपास अर्धा भाग. तिथून उसळून तो त्याच दिवशी २२,१४७ ला बंद झाला. झोनने काम केलं, पण ते करताना तो निम्मा वापरला गेला. वरच्या अर्ध्या पट्ट्यात ज्यांना घ्यायचं होतं, त्यांनी त्या दिवशी घेतलं. नंतर ३ मेपर्यंत बाजार नव्या उच्चांकाला, २२,७९५ जवळ पोचला.

दुसरी भेट १३ मेची. या वेळी नीचांक २१,८२१, म्हणजे झोनमध्ये फक्त २३ पॉइंट. उसळी पुन्हा छान आली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात निफ्टी २३,१०० च्या वर गेला. इथे बहुतेकांची समजूत फिरते. दोनदा धरला, दुसऱ्यांदा तर जेमतेम स्पर्श करून वर गेला, म्हणजे आधार भक्कम झाला असं वाटतं. सपोर्ट-रेझिस्टन्सच्या शाळेत स्पर्श वाढले की रेषा मजबूत मानतात. झोनचा हिशोब याच्या विरुद्ध आहे. दर भेटीत आत थांबलेली मागणी थोडी भरली जाते आणि नव्याने मागणी आल्याचा पुरावा चार्टवर नसतो. शिवाय दुसऱ्या भेटीत खरेदी झोनच्या माथ्यालाच झाली, याचा अर्थ लोक खाली वाट न बघता आधीच घेऊ लागले होते. १३ मेच्या संध्याकाळी माझ्या वहीत या झोनपुढे ‘दोन भेटी, खोली निम्मी, नवा सौदा नाही’ अशी नोंद होती.

नोंदीत भेटींच्या आकड्याइतकीच खोली महत्त्वाची असते. एक उथळ स्पर्श, झोनच्या पाव भागाच्या आत, झाला असेल तर मी उरलेल्या भागावर सौदा करतो, निम्म्या क्वांटिटीने. भाव निम्म्याच्या पलीकडे गेला की एकाच भेटीत झोन संपला असं धरतो, उसळी कितीही देखणी असो.

आता ४ जून. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ७३३ पॉइंट वाढून २३,२६४ ला बंद झाला होता. निकालाच्या सकाळी तो २३,१८० च्या आसपास उघडला आणि भाजपला स्वबळावर बहुमत मिळत नाही हे दिसू लागलं तसा कोसळत गेला. खालच्या झोनकडे येताना भावाने वाटेत कुठेही बेस केला नाही. १,३०० पॉइंटची घसरण काही तासांत, एकामागून एक लाल कॅन्डल. २१,८४४ आलं, २१,७१० आलं, दोन्ही रेषा कापून भाव दुपारी २१,२८१ पर्यंत गेला. डिस्टलच्या खाली सव्वाचारशेहून जास्त पॉइंट. झोनच्या खाली ठेवलेला कुठलाही नेहमीचा स्टॉपलॉस उडाला, आणि असल्या दिवशी तो ठरवलेल्या भावाला मिळतही नाही.

पण दिवस संपताना निफ्टी २१,८८४ ला बंद झाला. डेली चार्टवर नुसती बंद किंमत बघणाऱ्याला झोन टिकल्यासारखा दिसतो, आणि नंतर कितीतरी जणांनी या चार्टवर ‘तिसऱ्यांदाही धरला’ असं लिहिलं. माझ्या मते हे वाचन साफ चुकीचं आहे. झोनचं काम असतं डिस्टलच्या आत भाव थांबवणं. भाव जर झोनच्या रुंदीच्या तिप्पट खाली जाऊन आला, तर त्याला थांबवणारे लोक त्या झोनमधले नव्हते, खूप खालचे होते. झोन मोडला की नाही हे मी विकवर मोजतो, बंद भावावर मोजत नाही, आणि याचं कारण सरळ आहे : आपला स्टॉपलॉस बंद भावाची वाट बघत नाही.

आता वरचा झोन, ज्याने मला जास्त विचार करायला लावलं. ३ जूनची कॅन्डल जवळपास उच्चांकालाच, २३,३३८ ला उघडली होती आणि २३,२६४ ला बंद झाली. रेंज पावणेतीनशेच्या आसपास, बॉडी ७४. नियमाने बेस. ४ जूनला तिथून १,३७९ पॉइंटचं, जवळपास सहा टक्क्यांचं डिपार्चर. पुस्तकात छापावा असा रॅली-बेस-ड्रॉप, भाव एकदाही परत न आलेला, पूर्ण ताजा. गुणांकन करणाऱ्या कुठल्याही तक्त्यात याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

७ जूनला भाव परत आला. २३,३२० पर्यंत जाऊन २३,२९० ला बंद झाला, म्हणजे थेट झोनच्या पोटात. १० जूनला २३,४१२ पर्यंत गेला आणि झोन संपला.

असं का झालं, हे समजायला झोनमध्ये नक्की काय ‘पडून’ असतं ते बघावं लागतं. शिकवताना आपण म्हणतो की तिथे न भरलेल्या ऑर्डरी थांबलेल्या असतात. एनएसईवर ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. संध्याकाळी बुक रिकामं होतं. ब्रोकरकडे बरेच दिवस चालू ठेवता येणारी जीटीटी ऑर्डर ब्रोकरच्या यंत्रणेत असते, एक्स्चेंजच्या बुकात नाही. त्यामुळे आठवडे-महिने झोनमध्ये ऑर्डर पडून असते हे इथे शब्दशः खरं नाही. तिथे असतात ती माणसं आणि फंड, ज्यांना त्या भावाला अजून माल घ्यायचा किंवा विकायचा आहे आणि भाव आला की ते नव्याने ऑर्डर टाकतील. ज्या कारणाने त्यांना विकायचं होतं ते कारण टिकून आहे तोवरच झोन ताजा. भाव परत आलेला नाही, एवढ्यावर तो ताजा ठरत नाही.

४ जूनची विक्री २३,३०० हा भाव महाग आहे म्हणून झाली नव्हती. ती सरकार कुणाचं आणि किती स्थिर, या एका प्रश्नावर झाली होती. ५ जूनला तेलुगू देसम आणि जनता दल युनायटेडचा पाठिंबा स्पष्ट झाला, प्रश्न मिटला, आणि त्या विक्रेत्यांना २३,३०० ला पुन्हा विकायचं कारणच उरलं नाही. उलट त्यातले बरेच जण माल परत घ्यायला धावले. ७ जूनला रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५ टक्क्यांवर कायम ठेवत वाढीचा अंदाज ७.२ टक्के केला, त्याने उरलासुरला अडथळाही गेला.

परतीचा वेगही बोलका होता. १,३७९ पॉइंटची घसरण तीन सत्रांत भरून निघाली. ज्या वेगाने भाव झोनपासून निघाला, साधारण त्याच वेगाने परत आला, तर सुटताना दिसलेला असमतोल पुसला गेला असं मी समजतो. चांगल्या सप्लाय झोनकडे भाव दमत, लहान-लहान कॅन्डलींनी येतो.

या केसनंतर आमच्या वहीत प्रत्येक झोनपुढे एक रकाना वाढला : डिपार्चर कशामुळे. निकाल, बजेट, युद्धाची बातमी असेल तर त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंतच झोन चालू. प्रश्न मिटला की भाव आलेला नसला तरी झोन खोडायचा. २० मार्चचा झोन फेडच्या बैठकीनंतर सुटला होता, पण त्याचं कारण, व्याजदर पुढे कमी होतील ही अपेक्षा, कित्येक महिने जिवंत राहिलं. म्हणून तो दोनदा चालला.

राहिला प्रश्न ४ जूनच्या तळाचा. कित्येकांनी त्या कॅन्डलच्या खालच्या विकवर २१,२८१ ते २१,८८४ असा सहाशे पॉइंटचा डिमांड झोन ठोकून दिला. डेलीवर तिथे बेसच नाही, कारण त्या कॅन्डलची बॉडी रेंजच्या ६८ टक्के आहे. तिथला झोन हवा असेल तर ७५ किंवा १५ मिनिटांच्या चार्टवर जाऊन दुपारच्या तळाजवळची छोटी बेस शोधावी, आणि तिथून भाव कुठल्या कॅन्डलला सुटला ते बघून रेषा काढाव्यात. तोही बातमीतून जन्मलेला झोन, म्हणून वरचा रकाना त्यालाही लागू.