दंड भरला, प्रकरण राहिलं

प्रबंध लिहिणाऱ्यांनी एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवावं म्हणून त्यांच्या जोड्या लावून देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कमी दिसणारं काम. जोडी लावताना मी हुशारी बघत नाही. समोरच्याला "तू हे केलेलं नाहीस" असं तोंडावर म्हणता येईल का, एवढंच बघते. म्हणून जिवलग मित्र शक्यतो नको.

एका मुलाने आणि एका मुलीने मात्र स्वतःच जोडी जमवून आणली, नियमही लिहून आणले. बुधवारी आणि रविवारी रात्री एकमेकांना निरोप पाठवायचा. ज्याचं ठरलेलं काम झालं नसेल त्याने दुसऱ्याची संदर्भसूची लावून द्यायची. मला कल्पना आवडली. मी सही केली, आणि तेच अजून डोक्यात घोळतंय.

सहा आठवड्यांनी सगळ्यांनी फायली उघडून दाखवायचा दिवस होता. त्याची संदर्भसूची बघण्यासारखी होती: 140 नोंदी, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. तिच्या तिसऱ्या प्रकरणाची पानं दोन. ती म्हणाली, "मॅडम, मी एकदाही दंड चुकवला नाही."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा नोंदी लावणं हलकं, शिवाय दंड भरला की मनही शांत. आणि ती चुकली की त्याचा फायदाच, मग तो कशाला खोदून विचारेल? इस्रायलमधल्या पाळणाघरांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला होता: मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. मी तो वर्गात शिकवते. तरी सही केली.

विभागाच्या सहामाही अर्जावर दोघांचीही प्रगती 'समाधानकारक' होती. त्या चौकटीत आजवर दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

नियम पुन्हा बसून लिहिले. "प्रकरण पुढे नेते" असं म्हणायचं नाही; "बुधवारी सातपर्यंत पद्धतीच्या भागाचे 400 शब्द, कच्चे चालतील" असं म्हणायचं. निरोपाऐवजी पंधरा मिनिटांचा फोन, आणि त्याआधी फाईल पाठवलेली हवी. दंड काढून टाकला. काम झालं नाही तर दुसऱ्याने एकच विचारायचं, "नेमकं कुठे अडलं?", आणि पुढचं उद्दिष्ट निम्मं करायचं. न मागता सल्ला द्यायचा नाही, कारण त्यातच पंधरा मिनिटं संपतात. सलग दोनदा चुकलं तर दोघांनी माझ्याकडे यायचं. चार आठवड्यांनी कुणालाही कारण न देता जोडी सोडता येईल.

हा शेवटचा नियम मी सहज घातला होता. चौथ्या आठवड्यात तिने तोच वापरला. आता तिची जोडी दुसऱ्या विषयाच्या एका मुलीशी आहे. त्या मुलीला हिच्या विषयातलं काही कळत नाही, त्यामुळे ती फक्त शब्द मोजते आणि कुठे अडलं ते विचारते. तिसरं प्रकरण हलू लागलंय.

तो परवा येऊन गेला. नवी जोडी हवी म्हणाला, आणि जाता जाता विचारलं, "संदर्भ नीट लावणारं कुणी आहे का?"