टँकरच्या नोंदीतली सरासरी

*"कॉलमची सरासरी काढली की आकडा पटतच नाही. मध्ये रिकामे सेल आहेत, कुठे अक्षरं आहेत, कुठे शून्य. नक्की काय धरायचं आणि काय सोडायचं?"*

पुण्यात उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा सोसायटीच्या टँकरच्या शीटवरूनच. म्हणून उदाहरणही तेच घेतो. `B2` ते `B11` मध्ये 1 ते 10 मेच्या नोंदी आहेत, क्रमाने अशा: 4, 3, 0, रिकामा, 5, "7 टँकर", 0, "पावती नाही", 4, 6.

`AVERAGE` इथे 3.14 देतं. त्याला फक्त आकडे दिसतात. रिकामा सेल आणि अक्षरं ते सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. म्हणजे 22 भागिले 7. एक्सेल असो की गूगल शीट्स, वागणूक हीच. हिशोब बरोबर आहे, पण 6 तारखेचे सात टँकर त्यात आलेलेच नाहीत, कारण वॉचमनने आकड्यापुढे "टँकर" लिहिलं आणि सगळा सेल मजकूर झाला. सगळ्यात जास्त पाणी आलेला दिवस गायब, आणि शीटने हूं की चूं केलं नाही. `#VALUE!` आलं असतं तर निदान कुणी बघितलं तरी असतं.

म्हणून सरासरीआधी मी तीन मोजण्या करतो:

```
=ROWS(B2:B11)
=COUNTA(B2:B11)
=COUNT(B2:B11)
```

इथे 10, 9 आणि 7 येतात. दहातून नऊ गेले, एक सेल खरोखर रिकामा. नवातून सात गेले, दोन सेलमध्ये आकडा नसलेलं काहीतरी आहे. डोळ्यांना एकही अक्षर दिसत नसेल आणि तरी फरक येत असेल, तर कुणीतरी नुसती स्पेस दाबलेली असते किंवा आकडाच मजकूर म्हणून साठलेला असतो. असा आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटतो, खरा आकडा उजवीकडे. अर्थात अलाइनमेंट हाताने बदललेली नसेल तरच.

आता एकेक सोडवू. "7 टँकर" चं 7 करायचं आणि शेरा शेजारच्या कॉलममध्ये टाकायचा. लगेच सरासरी 29 भागिले 8, म्हणजे 3.63 होते. तीस दिवसांना गुणलं तर आधी 94 टँकर येत होते, आता 109. बजेटच्या मीटिंगला हा फरक पुरेसा आहे.

"पावती नाही" म्हणजे टँकर आले, किती ते माहीत नाही. त्याला शून्य करायचं नाही. `AVERAGEA` नेमकं हेच करतं, अक्षरांना शून्य धरून भागाकारात घेतं. टँकरच्या नोंदीत मला त्याचा काडीचा उपयोग दिसत नाही. 4 तारखेला वॉचमन रजेवर होता, नोंद नाही. तो सेलही रिकामाच राहू द्या.

शून्याचं मात्र वेगळं. 3 आणि 7 तारखेला नळाचं पाणी पुरलं, टँकर लागलाच नाही. ती खरी नोंद आहे. महिन्याचा खर्च काढायचा तर ती शून्यं हवीतच. पण "टँकर येतात त्या दिवशी साधारण किती येतात?" असं विचारलं, तर ती वगळायची:

```
=AVERAGEIF(B2:B11,"<>0")
```

उत्तर 4.83. हा आकडा खालच्या टाकीच्या मापासाठी ठीक. कमिटीत कुणी त्यालाच 30 ने गुणून मोकळं झालं, तर 145 टँकर होतील आणि मेंटेनन्स उगाच वाढेल.

सगळ्यात छुपी भानगड दुसऱ्या शीटवर होते. `='नोंद'!B5` लिहून नोंदी गोषवाऱ्यात ओढल्या, की एक्सेलमध्ये रिकाम्या सेलचा तिथे 0 होतो. मग 29 ला 9 ने भाग जातो आणि सरासरी 3.22 वर येते. त्यात शून्य न दाखवण्याची सेटिंग चालू असेल तर सेल रिकामाच दिसतो, पण मोजला जातोच. तिथे हे घाला:

```
=IF('नोंद'!B5="","",'नोंद'!B5)
```

यातून येणारा मजकूर दिसायला रिकामा असतो आणि `AVERAGE` तो सोडून देतं. `COUNTA` मात्र त्याला भरलेला समजतं, म्हणून वरची मोजणी मूळ शीटवरच करा.

पुढच्या महिन्यासाठी B कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त पूर्णांक चालू ठेवा. हाताने "7 टँकर" टाइप केलं तर एक्सेल अडवेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून पेस्ट केलं तर अडवणार नाही, तेव्हा महिनाअखेरीला `COUNT` आणि `COUNTA` एकदा शेजारीशेजारी बघायचेच.